मोठी मोटर, हलका लोड: मोटर बदलण्याआधी या चुका टाळा

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. ३७ किलोवॅटची, ४ पोलची मोटर व्ही-बेल्टवरून एक सेंट्रिफ्युगल फॅन फिरवते आहे. नेमप्लेटवर ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, ६५ अँपिअर, १४७५ आरपीएम, कार्यक्षमता ९२.७ टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.८६ असं लिहिलेलं आहे. रोजच्या चालीत क्लॅम्प मीटर २७ अँपिअर दाखवतो. मोटर गार असते, आवाज नाही, ट्रिपिंग नाही, त्यामुळे तिच्याकडे कुणी बघत नाही. अशा मोटरी बहुतेक वेळा मार्जिनवर मार्जिन चढत गेल्यामुळे बसलेल्या असतात. डिझाइन करणारा थोडं वाढवतो, फॅन देणारा थोडं वाढवतो आणि खरेदी करणारा त्याच्या वरचा रेटिंग घेतो.

अँपिअर बघून लोड ठरवणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. २७ भागिले ६५ केलं की ४२ टक्के येतात. म्हणजे मोटर जवळपास निम्म्या लोडवर आहे, ठीक चाललंय, असं म्हणून विषय संपतो. पण इंडक्शन मोटर जो करंट ओढते त्यातला एक मोठा भाग फक्त चुंबकीय क्षेत्र उभं करण्यात जातो, आणि शाफ्टवर काम असो वा नसो, तो फारसा कमी होत नाही. या मापाच्या ४ पोल मोटरमध्ये तो फुल लोड करंटच्या साधारण एक तृतीयांश असतो. बेल्ट काढून मोटर नुसती फिरवली तरी इथे वीस-बावीस अँपिअर दिसतील. हलक्या लोडवर अँपिअर नेहमीच खऱ्यापेक्षा चांगलं चित्र दाखवतात.

खरा आकडा किलोवॅटमधून मिळतो. थ्री फेज पॉवर मीटर लावला तर या मोटरचा इनपुट १०.५ किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर ०.५४ दिसतो. फुल लोडला तिचा इनपुट ३७ भागिले ०.९२७, म्हणजे सुमारे ४० किलोवॅट असायला हवा. १०.५ भागिले ४० म्हणजे २६ टक्के. त्यातून हलक्या लोडवरचा मोटरचा स्वतःचा खर्च वजा केला की शाफ्टवर जेमतेम ९.२ किलोवॅट, म्हणजे पाव लोड उरतो.

पॉवर मीटर नसेल तर टॅकोमीटरने स्लिप बघता येते. सिंक्रोनस स्पीड १५००, नेमप्लेटचा १४७५, म्हणजे फुल लोडची स्लिप २५ आरपीएम. मोजलेला स्पीड १४९४ आला तर स्लिप ६, आणि ६ भागिले २५ म्हणजे २४ टक्के. उत्तर जवळपास तेच आलं, पण या पद्धतीवर पैज लावू नका. नेमप्लेटच्या स्लिपलाच २० टक्के इकडे-तिकडे जायची मुभा असते, फ्रिक्वेन्सी अगदी ५० नसेल तर १५०० हा आकडाच हलतो, आणि इथे २ आरपीएमची चूक म्हणजे लोडमध्ये ८ टक्क्यांची चूक. संशय पक्का करायला स्लिप पुरते, मोटर निवडायला नाही.

पॉवर फॅक्टर पडला म्हणजे कार्यक्षमताही तितकीच पडली, असं धरणं

दोन्ही पडतात, पण एकाच ठिकाणी नाही. पॉवर फॅक्टर लोड कमी होताच घसरायला लागतो. अशा मोटरचा फुल लोडला ०.८६ असला तर निम्म्या लोडला तो ०.७४ च्या आसपास आणि पाव लोडला ०.५४ वर येतो. कार्यक्षमता मात्र बराच वेळ तग धरते. पाऊण लोडला ती बहुधा सर्वात जास्त असते, निम्म्या लोडलाही जेमतेम अर्धा-एक टक्का खाली येते, आणि ४० टक्क्यांच्या खाली गेल्यावर खरी उतरण लागते. कोअरमधला लॉस, बेअरिंगचं घर्षण आणि मोटरच्या स्वतःच्या पंख्याची हवा हा खर्च लोडवर अवलंबून नसतो. आपल्या मोटरमध्ये तो सुमारे १.१ किलोवॅट आहे. ३७ किलोवॅटच्या कामामागे तो जाणवत नाही, ९.२ च्या कामामागे जाणवतो. त्यात तांब्यातला थोडा लॉस मिळवला की १०.५ पैकी सव्वा किलोवॅट मोटरच खाते आणि कार्यक्षमता ८८ टक्क्यांवर येते.

म्हणूनच कपॅसिटर लावून मोटर "सुधारली" असं म्हणणं चुकीचं आहे. या मोटरच्या टर्मिनलला १२ केव्हीएआरचा कपॅसिटर जोडला तर लाइनवरचा पॉवर फॅक्टर ०.९२ च्या वर जाईल, केबल आणि ट्रान्सफॉर्मर हलके होतील. पण कपॅसिटरच्या पलीकडे मोटरच्या आत काहीच बदललेलं नाही. तोच चुंबकीय करंट वाइंडिंगमधून फिरतो आहे आणि तोच सव्वा किलोवॅट जळतो आहे. तुमची अडचण फक्त पॉवर फॅक्टरची असेल, तर कपॅसिटर हा मोटर बदलण्यापेक्षा स्वस्त आणि पुरेसा उपाय आहे. युनिट वाचवायचे असतील तर नाही.

जाता जाता व्होल्टेजही बघा. पॅनेलला ४१५ ऐवजी ४३५ व्होल्ट येत असतील तर हलक्या लोडच्या मोटरचा चुंबकीय करंट आणखी वाढतो. ट्रान्सफॉर्मरचा टॅप एक पायरी खाली घेण्याइतकं काम असतं ते.

साठ टक्क्यांवरची मोटर बदलायला काढणं

ऑडिटच्या उत्साहात हे हमखास होतं. समजा हीच ३७ किलोवॅटची मोटर २२ किलोवॅट देत असती, म्हणजे ६० टक्के लोड. तिथे तिची कार्यक्षमता जवळपास नेमप्लेटइतकीच आहे. तिच्या जागी त्याच आयई२ कार्यक्षमता वर्गाची ३० किलोवॅटची मोटर आणली तर तिची नेमप्लेटवरची कार्यक्षमता ९२.३ टक्के असते, कारण लहान मोटर मुळातच थोडी कमी कार्यक्षम असते. हाती काहीच लागणार नाही. त्याच्या वरच्या वर्गाची, आयई३ घेतली तर फायदा दिसेल, पण तो वर्ग बदलल्याचा आहे, माप बदलल्याचा नाही. माझं मत स्पष्ट आहे. निम्म्याच्या वर चालणारी मोटर जळेपर्यंत चालू द्या, आणि ४० टक्क्यांच्या खालच्या मोटरींची यादी करा.

सरासरी लोडवर नवी मोटर निवडणं

९.२ किलोवॅट बघून कुणी ११ किलोवॅटची मोटर मागवेल. आधी निदान आठवडाभर, सगळ्या शिफ्टमध्ये आणि प्रक्रियेच्या सगळ्या अवस्थांमध्ये लॉगर लावा. आपल्या फॅनचा इनपुट डँपर पूर्ण उघडा आणि हवा थंड असताना १३.२ किलोवॅटपर्यंत जातो. थंड हवा जड असते आणि फॅनला लागणारी ताकद हवेच्या घनतेच्या प्रमाणात वाढते. शाफ्टवर हे ११.८ किलोवॅट होतात, म्हणजे ११ ची मोटर नेमकी त्या दिवसांत ओव्हरलोड होईल. १५ किलोवॅटची आयई३ मोटर घेतली तर रोजचा लोड ६१ टक्के आणि कमाल ७९ टक्के राहतो. ही जागा चांगली आहे.

आता हिशेब. नवी मोटर या लोडला सुमारे ९२ टक्के कार्यक्षमतेने चालेल, म्हणजे इनपुट १०.५ वरून १० किलोवॅटवर येईल. वर्षाला ६,००० तास धरले तर ३,००० युनिट वाचतील. करंट २७ वरून १८ अँपिअरवर येईल आणि रिअॅक्टिव्ह पॉवर सुमारे १६ वरून ८ केव्हीएआरवर. किलोवॅटमधली बचत पाच टक्केच आहे, हे आधीच माहीत असलेलं बरं. पाव लोड म्हणजे पाऊण वीज वाया, असं सांगून कुणी मोटर विकत असेल तर त्याला हा हिशेब दाखवा.

चालू होताना काय होईल, हे न बघणं

फॅनचं चाक जड असतं, आणि मोठी मोटर इतकी वर्षं ही गोष्ट झाकून ठेवत होती. आपल्या फॅनचा जडत्वाघूर्ण मोटरच्या शाफ्टवर मोजून ६ किलोग्रॅम-चौरस मीटर आहे असं धरू. ३७ ची मोटर स्टार-डेल्टा स्टार्टरच्या स्टारमध्येसुद्धा त्याला सात-आठ सेकंदांत गतीवर आणते. १५ ची मोटर डीओएलवर, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर चालू केली तर, सहा सेकंद घेईल, पण स्टारमध्ये टॉर्क एक तृतीयांश होतो आणि तोच वेळ पंचवीस सेकंदांच्या घरात जातो. जुना टायमर दहा सेकंदांवर असेल तर अर्ध्या गतीवरच डेल्टा पडेल, करंटचा जोराचा झटका बसेल आणि लोक म्हणतील, "लहान मोटर जमत नाही." डँपर बंद ठेवून चालू करा, टायमर बदला, जमत असेल तर डीओएल किंवा सॉफ्ट स्टार्टर बघा, आणि एवढा वेळ रोटर सोसेल का हे मोटरच्या उत्पादकाकडून तपासून घ्या. क्रशर किंवा भरलेल्या अवस्थेत सुरू होणारा कन्व्हेयर असेल तर मोठी मोटर कदाचित याच कारणासाठी बसवलेली असेल. तिला हात लावू नका.

नवी मोटर घ्यायचीच नसेल तर जुनी डेल्टाची मोटर कायम स्टारमध्ये चालवता येते. प्रत्येक वाइंडिंगवरचं व्होल्टेज ५८ टक्के होतं, कोअर लॉस आणि चुंबकीय करंट दोन्ही उतरतात. पण लोड कधीच एक तृतीयांशाच्या वर जाणार नाही याची खात्री हवी. आपल्या फॅनचा कमाल लोड ३२ टक्के आहे, इतक्या काठावर मी हे करणार नाही. केलंच, तर ओव्हरलोड रिले स्टारमधल्या करंटवर सेट करायला विसरू नका.

मोटर बदलली, बाकी सगळं जुनंच

३७ किलोवॅटची ही मोटर बहुधा २२५ च्या फ्रेममध्ये असते, शाफ्ट ६० मिलिमीटर. १५ किलोवॅटची १६० च्या फ्रेममध्ये, शाफ्ट ४२ मिलिमीटर. म्हणजे ६५ मिलिमीटर उंचीची पक्की बेस फ्रेम आणि नव्या बोअरची पुली आधी तयार हवी, मोटर उतरवल्यावर नाही.

ओव्हरलोड रिले जुन्याच सेटिंगवर राहिला तर नवी मोटर जळेपर्यंत तो हलणार नाही. आणि तो १२ केव्हीएआरचा कपॅसिटर मोटरच्या टर्मिनलला तसाच जोडलेला असेल तर तो काढा. टर्मिनलवरचा कपॅसिटर मोटरच्या नो लोड केव्हीएआरच्या ९० टक्क्यांपेक्षा मोठा नको. १५ च्या मोटरसाठी ती मर्यादा सहा केव्हीएआरच्या आसपास येते. त्यापेक्षा मोठा असेल तर सप्लाय बंद केल्यावर फिरत राहिलेली मोटर त्या कपॅसिटरवर स्वतःच व्होल्टेज तयार करते, आणि ते सप्लायपेक्षाही वर जाऊ शकतं.

शेवटी पुन्हा मोजा, पण डँपर त्याच जागी आणि हवा तेवढीच वाहत असताना. जुनी मोटर १४९४ वर फिरत होती, नवी १४८० च्या आसपास फिरेल. गती एक टक्का कमी झाली की फॅनची ताकद तीन टक्के कमी लागते. ती बचत मीटरवर दिसेल, पण ती कमी हवेची आहे. हवा तितकीच हवी असेल तर मोटरची पुली एक टक्का मोठी करा आणि मग आकडे लिहा.