‘जाता जाता एवढंही करा’ला दिलेलं उत्तर
वेबसाइट जवळजवळ तयार होती, तेवढ्यात क्लायंटचा मेल आला: “जाता जाता ऑनलाइन बुकिंगही जोडून टाका, छोटंसंच आहे.” ठरलेल्या कामात फक्त चौकशीचा फॉर्म होता. बुकिंग म्हणजे कॅलेंडर, पेमेंट, रद्द केल्यास परतावा, छोटं कसलं! फोनवर “बघतो” निघून जातं आणि समोरचा तो होकारच धरतो, म्हणून लेखीच कळवलं:

“नमस्कार मॅडम, बुकिंगची कल्पना चांगली आहे. मात्र मंजूर कोटेशनमध्ये चौकशी फॉर्मच आहे, त्यामुळे बुकिंग या कामात घेता येणार नाही. घेतलं तर साइट सुरू व्हायची तारीख पुढे जाईल. हवं असल्यास त्याचं वेगळं कोटेशन पाठवतो. तोवर फॉर्ममध्ये तारीख निवडायचा रकाना देतो, तो आहे त्याच कामात बसतो.”

“सध्या जरा कठीण आहे” असं मुद्दाम लिहिलं नाही. त्यावर थोड्या दिवसांनी पुन्हा विचारणा होतेच. इतर कामांच्या गर्दीचं रडगाणंही नाही, त्याच्याशी त्यांना काय देणंघेणं?

उत्तर आलं: “चालेल, आधी साइट सुरू करा. बुकिंगचं कोटेशन पाठवून ठेवा.” रकाना त्याच संध्याकाळी जोडला.