जमिनीवरून भावाशी अबोला: आधी फोन कोणी करायचा आणि कसा

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून भावाबरोबर बहिणीचंही नाव लागतं. महिनाभरात भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो, बहीण "बघते" म्हणते, आणि तिथून बोलणं बंद होतं. नेहमी दिसणारं एक उदाहरण घेऊ. दादा खटाव तालुक्यात गावी, तीन एकर जिरायत त्याच्याच वहिवाटीत. धाकटी बहीण चिंचवडला. दादाचं म्हणणं, "लग्नात खर्च केला, आईला शेवटपर्यंत मी सांभाळलं, आता वाटा कसला?" हिचं म्हणणं, "मागितला कुठे होता? सही कर म्हणताना नीट विचारलं असतं तरी पुरे होतं."

माझ्या मते आधी बोलावं ते जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याने. बहिणीने फोन केला की घरात पहिली शंका येते, "वाटा मागायला आली." दादाने केला तर बहिणीला वाटतं, "सही हवी असणार." पण ती शंका घालवणं त्याच्या हातात आहे. "कागदाचं काही नाही, सहज केला," असं म्हणून तो पुढचे काही महिने खरंच कागद काढत नाही, एवढं पुरतं. पण दादा करतच नसेल, तर बहिणीने वाट बघत बसू नये. फक्त क्रम पाळावा.

फोनच्या आधी कागद बघा, तेही कुणाला न सांगता. सातबारा ऑनलाइन बघता येतो. नाव आहे का, 'इतर हक्क' रकान्यात काय लिहिलंय, नवा फेरफार पडलाय का, एवढं पाहा. हे भांडणासाठी नाही. आपलं नाव शाबूत आहे हे ठाऊक असलं की फोनवर आवाज चढत नाही. नाव परस्पर उडालेलं दिसलं, किंवा न केलेली सही आपल्या नावावर निघाली, तर मात्र आधी वकील, फोन नंतर. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला वगळलंय हे कळल्यापासून वाट्याचा दावा लावायला साधारण 12 वर्षांची मुदत असते. ती संपत आली असेल तर गोडीगुलाबीत दिवस घालवू नका.

मग मेसेज. मामा, आत्या, जावई यांच्यामार्फत निरोप नको. निरोप पोचेपर्यंत त्यात दोन वाक्यं वाढलेली असतात. भाऊबीज, राखीचा मुहूर्तही टाळा. त्या दिवशी ओवाळणी होते, पण ती वहिनी आणि भाचरांसमोर, मनाविरुद्ध. साधा दिवस बरा, पेरणी-काढणीची धांदल नसलेला. मजकूर एवढाच:

"दादा, बरेच दिवस बोललो नाही. आईचं शेवटचं दुखणं तू आणि वहिनीने काढलंत, ते मी तेव्हा बोलून दाखवलं नाही. जमिनीचं नंतर केव्हातरी निवांत बघू, आत्ता त्यासाठी लिहीत नाहीये. रविवारी फोन करू का?"

यातलं दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. दादाचा राग अनेकदा जमिनीपेक्षा आईची सेवा कुणी मोजली नाही याचा असतो. ती मोजली म्हणून वाटा सोडला असं होत नाही. मात्र भावनेच्या भरात "मला काही नको, सगळं तुझंच" असं लिहू नका. नुसत्या मेसेजने हक्क सुटत नाही, त्याला नोंदणीकृत दस्त लागतो. पण पुढे वाटपाचा दावा झालाच तर तोच मेसेज कोर्टात तुमच्यासमोर धरला जाईल. आणि दादाने त्यावर विश्वास ठेवला असेल, तर दुसरा अबोला पहिल्यापेक्षा लांबतो.

पहिल्या भेटीत जमिनीचा विषय नको. त्याने काढला तर, "त्यासाठी वेगळं बसू, दोघंच." जाताना यजमानांना घरी ठेवा. दाजी सोबत दिसले की वहिनी पदर खोचून बसते, आणि दोघांचं बोलणं चौघांचं होतं.

वेगळं बसाल तेव्हा पर्याय सही करणं किंवा न करणं एवढेच नसतात. बहीण आपल्या वाट्याचे पैसे घेऊ शकते, किंवा नाव तसंच ठेवून कसायला दादाकडे देऊ शकते. कोर्टात दावा चालू असला तरी तडजोड होते, आणि त्यावर लोकअदालतीत निवाडा घेता येतो. फक्त जे ठरेल ते कागदावर यावं, आणि हक्क सोडायचा असेल तर तो दस्त नोंदवलेलाच असावा.

उत्तर आलं नाही तर? निळ्या खुणा दिसल्या आणि गप्प, याचा अर्थ नकारच असं नाही. घरात आधी वहिनीशी बोलणं व्हावं लागतं. दोन-तीन महिने थांबा, मग जमिनीशी संबंध नसलेलं काहीतरी पाठवा, भाच्याच्या निकालाची चौकशी वगैरे. त्यालाही "आधी सही कर" एवढंच उत्तर आलं, तर तिसरा मेसेज करू नका. पुढचा पत्रव्यवहार वकिलाकडून होऊ द्या, आणि भाच्याशी बोलणं चालू ठेवा.