गरम पातेल्यातलं पुडिंग नेहमी पातळच दिसतं

एका मोठ्या स्वयंपाकघरात शिकाऊ म्हणून डेझर्टच्या टेबलावर लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझं दुधाचं पुडिंग साच्यातून निघालं ते खोडरबर होऊन. चमचा दाबला की आत जायचा नाही, बाजूला सरकायचा. चूक साधी होती. अर्धा लिटर दुधाला ३५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर मोजून घेतलं होतं, पण गॅसवर मिश्रण पातळ वाटलं म्हणून घाबरून आणखी २५ ग्रॅम कालवून ओतलं. कॉर्नफ्लोअर असो, जिलेटिन असो की अगर-अगर, तिन्हींचा खरा घट्टपणा थंड झाल्यावरच कळतो. पातेल्यात पाहून ठरवायला गेलात की फसलात.

आमचे शेफ तेव्हा एवढंच म्हणाले, "बशी कशाला आहे?" त्या दिवसापासून एक लहान बशी फ्रीजमध्ये ठेवतो. शिजलेल्या मिश्रणाचा चमचाभर थेंब तिच्यावर टाकायचा आणि बशी परत फ्रीजमध्ये. अगर-अगर असेल तर मिनिटभरात जमतं, कॉर्नफ्लोअरला पाच-सात मिनिटं लागतात. जिलेटिनला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, त्यामुळे तिथे बशीपेक्षा वजनकाट्यावर विश्वास ठेवलेला बरा.

नवख्याने सुरुवात कॉर्नफ्लोअरपासून करावी. अर्धा लिटर दूध, ५० ग्रॅम साखर. वाटीत चमच्याने खायचं असेल तर २५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर पुरतं, साच्यातून काढायचं असेल तर ३५ ते ४०. दुधातलं अर्धी वाटी थंड दूध बाजूला काढून त्यात कॉर्नफ्लोअर कालवा. गरम दुधात कोरी पूड पडली की प्रत्येक कणाच्या पुंजक्याभोवती बाहेरून चिकट थर तयार होतो आणि आतली पूड कोरडीच राहते. गुठळी म्हणतात ती हीच. नंतर कितीही शिजवलं तरी ती विरघळत नाही. कालवलेलं दूध ओतण्याआधी पुन्हा ढवळा, कारण कॉर्नफ्लोअर दोन मिनिटांत तळाशी बसतं. मग बारीक धारेने ओतत, तळ आणि कडा खरवडत ढवळत राहा.

घट्ट झालं म्हणून लगेच गॅस बंद करू नका, मीही तेच करायचो. मिश्रण बुडबुडे सोडू लागल्यावर आणखी दीड-दोन मिनिटं शिजू द्या. कच्चं राहिलं तर जिभेवर पिठूळ लागतं, आणि जमलेलं पुडिंग दुसऱ्या दिवशी पाणी सोडतं. साच्यात ओतल्यावर मात्र हात लावायचा नाही. जमताना ढवळलं की बसत आलेली घडी मोडते आणि ते सैल, दाणेदार होतं. वर साय धरू नये म्हणून प्लास्टिकचा कागद थेट पृष्ठभागाला चिकटवा. गुठळ्या झाल्याच असतील तर गरम असतानाच गाळून घ्या.

एवढं करूनही कॉर्नफ्लोअरचं पुडिंग तोंडात विरघळत नाही. ते मऊ, दाट, लापशीच्या जातीचंच राहतं. विरघळायला जिलेटिन हवं, कारण ते शरीराच्या उष्णतेलाच वितळतं. अर्धा लिटर दुधाला ५ ग्रॅम म्हणजे वाटीत थरथरणारं, ७ ग्रॅम म्हणजे साच्यातून सुटणारं. १२ घातलंत की पुन्हा खोडरबर. आधी थंड पाण्यात पाच मिनिटं फुलवा, मग गॅसवरून उतरवलेल्या गरम दुधात विरघळवा. उकळू नका, पकड कमी होते. फ्रीजमध्ये किमान चार तास लागतात, आणि रात्रभर ठेवलं तर आणखी घट्ट होतं, म्हणून आदल्या दिवशी करणार असाल तर प्रमाण जरा कमीच धरा. ताजा अननस, पपई किंवा किवी यांच्याशी त्याचं वैर आहे: त्यांतली एन्झाइम्स जिलेटिन तोडतात. जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतं, त्यामुळे शाकाहारी माणसाला वाढण्याआधी सांगणं आलंच.

अगर-अगर समुद्री शेवाळातून येतं, म्हणून ती अडचण नाही, पण वागणूक अगदी उलटी. ते उकळल्याशिवाय विरघळतच नाही. अर्धा लिटरच्या हिशेबात २ ग्रॅम पूड घ्या, त्यातल्या १०० मिली पाण्यात दोन-तीन मिनिटं उकळा आणि ४०० मिली गरम दुधात मिसळा. गरम दुधातच, बरं का. फ्रीजमधलं दूध ओतलंत तर अगर जागच्या जागी जमून दुधात तंतू तरंगू लागतात, कारण ३५-४० अंशांच्या आसपास ते फ्रीजबाहेरही धरतं. ४ ग्रॅम घातलं की चिवट नाही, ठिसूळ होतं: सुरीने स्वच्छ कापता येतं, पण तोंडात तुकडे तुकडे लागतात. एक सोय मात्र इथे आहे. फारच कडक जमलं तर तुकडे करून थोड्या दुधाबरोबर पुन्हा उकळा, सगळं वितळून नव्याने जमेल. माझं ते पहिलं कॉर्नफ्लोअरचं पुडिंग असं वाचलं नसतं. शेफनी ते सरळ कचऱ्यात टाकलं आणि मला वजनकाटा दिला.