हबवर लावलेला फोन सारखा कट होतोय? आधी करंटचा हिशोब करा

लॅपटॉपला एकच पोर्ट मोकळा, त्यावर चार पोर्टचा हब, हबवर हार्ड डिस्क, कीबोर्ड, माऊसचा डोंगल आणि वर फोन. मग फोनमधले व्हिडिओ डिस्कवर टाकायला घेतले की मधेच फोन कट, परत टिंग करून कनेक्ट, परत कट. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ड्रायव्हर टाका, केबल बदला, विंडोज परत टाका. यातलं काही करण्याआधी पाच मिनिटं हिशोब करा.

केबल डेटावाली आहे ना एवढं बघा. थेट लॅपटॉपला लावून, फोन अनलॉक करून नोटिफिकेशनमध्ये `File transfer` निवडलं आणि फोल्डर दिसले की केबल आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक, तो विषय संपला.

आता खरी अडचण. चार पोर्टचा हब म्हणजे चार पोर्टची पॉवर, असं बरेच जण धरून चालतात आणि तिथेच फसतात. अडॅप्टर नसलेला हब स्वतः काही बनवत नाही, लॅपटॉपच्या एका पोर्टला जे मिळतं तेच सगळ्यांत वाटतो. यूएसबी २.० पोर्टचं ठरलेलं माप ५०० मिलिअँपिअर, ३.० चं ९००. काही टाइप-सी पोर्ट जास्त देतात पण त्यावर विसंबू नका, ९०० च धरा.

वरचंच उदाहरण घ्या. बिनअडॅप्टरची छोटी फिरती डिस्क सुरू होताना एकटीच ९०० च्या आसपास जाऊ शकते, नंतर थोडी खाली येते. फोन डेटा पोर्टवर असला तरी चार्जिंग घेतोच, ५०० धरा. कीबोर्डला १०० पर्यंत, डोंगल किरकोळ. म्हणजे पोर्ट ९०० चा आणि मागणी १५०० च्या घरात. ५ व्होल्ट खाली घसरतात आणि बऱ्याचदा कॉपी ऐन जोरात असताना सगळं कोसळतं. डिस्कमधून टक-टक आवाज येतो, फोनवर चार्जिंगचं चिन्ह येतं-जातं, कधी लॅपटॉप पोर्टच बंद करतो आणि सगळं काढून परत लावेपर्यंत तो उठत नाही. डिस्क टकटकायला लागली की कॉपी लगेच थांबवा, अशा वेळी फाइल अर्धवट लिहिली जाते आणि कधीकधी डिस्कची अख्खी फाइल सिस्टिम बिघडते. फोन बिघडत नाही, पण डेटा जातो, आणि माझ्या मते तेच जास्त वाईट.

लिनक्सवर कोण किती मागतंय ते असं दिसतं:

```
sudo lsusb -v | grep -iE '^Bus|maxpower'
```

हा आकडा डिव्हाइसने स्वतः सांगितलेला असतो, मोजलेला नसतो, तेव्हा अंदाज म्हणूनच घ्या.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये `Allow the computer to turn off this device to save power` वरची टिक काढा, हा सल्लाही सगळीकडे फिरतो. फोन नुसता पडून असताना कट होत असेल तर जरूर काढा. कॉपी चालू असताना कट होत असेल तर त्याने काहीही होणार नाही, तिथे करंटच कमी पडतोय.

दोन पोर्ट असतील तर उपाय फुकटात आहे. डिस्क थेट लॅपटॉपच्या एका पोर्टवर, फोन आणि बाकीचं हबवर. फोन आधी भिंतीच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करून घ्या, भरलेली बॅटरी फार कमी करंट ओढते आणि तेवढ्यानेच पुष्कळदा काम भागतं. एकच पोर्ट असेल तर हटकून अडॅप्टरवाला हब घ्या. वरच्या सामानाला ५ व्होल्ट ३ अँपिअर पुरतो, पण व्होल्ट हबवर छापलेत तेवढेच हवेत, कारण काही हब १२ व्होल्टचे असतात आणि घरात सापडलेला दुसरा अडॅप्टर पिनमध्ये बसला म्हणून लावला तर हबबरोबर फोनही जळू शकतो.

हब नवा आला की एक तपासणी करा: लॅपटॉप पूर्ण बंद, त्याचा चार्जर काढलेला, हबचा अडॅप्टर चालू आणि हब लॅपटॉपला जोडलेला. लॅपटॉपचे दिवे मिणमिणले किंवा पंखा हलला तर हब उलटा करंट लॅपटॉपमध्ये ढकलतोय, तो सरळ परत करा.

जोडायचा क्रम सोपा: हबचा अडॅप्टर, मग हब लॅपटॉपला, मग डिस्क, ती फिरून स्थिर झाली की शेवटी फोन.

टाइप-सी डॉक असेल तर चार्जरमधला काही भाग डॉक आणि त्यावरच्या डिव्हाइसेससाठी बाजूला राहतो, म्हणून ६५ वॉटचा चार्जर असूनही लॅपटॉपला त्याहून कमीच मिळतात. आणि कॉपी चालू असताना डॉकचा चार्जर काढू किंवा लावू नका, पॉवरची दिशा बदलताना बरेच डॉक क्षणभर रिसेट होतात आणि फोन, डिस्क दोन्ही एकदम सुटतात.