१८४८ साल माझ्या उत्तरात कुठून आलं?

"प्रार्थना समाज आणि सत्यशोधक समाज यांच्या एकोणिसाव्या शतकातील धर्मसुधारणेची तुलना करा. १५ गुण, २५० शब्द." सराव परीक्षेत हा प्रश्न दिसला तेव्हा मी मनातल्या मनात हसलो होतो. मराठी माध्यमातून मुख्य परीक्षा देणाऱ्याला याहून घरचा प्रश्न कोणता असणार? फुले आणि रानडे तर शाळेपासून तोंडपाठ. अकरा मिनिटांत पान भरलं. पंधरापैकी चार गुण मिळाले. समासात लाल शाईने एकच ओळ होती: "यात समाज कुठे आहे?"

मला ती ओळ कळायला दोन आठवडे लागले. आधी वाटलं, तपासणाऱ्याला घाई असेल. मग उत्तर पुन्हा वाचलं. सत्यशोधक समाजाचं कार्य म्हणून मी लिहिलं होतं: १८४८ची मुलींची शाळा, १८६३चं बालहत्या प्रतिबंधक गृह, १८८२ला हंटर आयोगापुढचं निवेदन. प्रार्थना समाजाच्या बाजूला विधवाविवाहाची चळवळ, सार्वजनिक सभा, १८८७ची सामाजिक परिषद. एकही साल चुकलेलं नव्हतं. चुकलं होतं ते या सगळ्याचं नातं. सत्यशोधक समाज स्थापन झाला २४ सप्टेंबर १८७३ला. १८४८ची शाळा त्याचं कार्य कसं असेल? तेव्हा तर संस्था जन्मायला पंचवीस वर्षं होती.

या सापळ्यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण मी त्यात एकदा नाही, तीनदा अडकलो. आपण चळवळी माणसांच्या नावाने पाठ करतो. फुले म्हटलं की फुल्यांनी आयुष्यात केलेलं सगळं सत्यशोधकाच्या खात्यात जमा होतं. रानडे म्हटलं की सगळं प्रार्थना समाजाच्या खात्यात. मग उत्तरात दोन चळवळींची तुलना होत नाही, दोन थोर पुरुषांची चरित्रं एकमेकांना पाठ लावून बसतात. मधे 'तर दुसरीकडे' असं लिहिलं की आपल्याला वाटतं तुलना झाली.

नुसती सालं तपासून हे सुटत नाही. १८८२ हे साल १८७३नंतरचं आहे, म्हणून हंटर आयोगाचं निवेदन चालेल असं मला दुसऱ्या वेळी वाटलं. पण ते निवेदन जोतीरावांनी दिलं ते शाळा चालवण्याच्या आपल्या अनुभवावर, आणि विषय शिक्षणाचा. प्रश्न धर्मसुधारणेचा होता. सामाजिक परिषदेचंही तसंच. रानडे तिच्यामागे होते हे खरं, पण ती वेगळी संस्था होती, प्रार्थना समाजाची शाखा नव्हे. म्हणून आता प्रत्येक मुद्द्यापुढे मी दोन प्रश्न विचारतो. हे संस्थेने केलं की संस्थेतल्या माणसाने? आणि याचा देव, पूजा, संस्कार किंवा पुरोहित यांच्याशी थेट संबंध आहे का? दोन्हीकडे गाडी अडली तर मुद्दा कितीही आवडता असो, बाहेर.

पहिल्यांदा ही चाळण लावली तेव्हा हातात जवळजवळ काहीच उरलं नाही आणि मी घाबरलो. घाबरू नका. उरतं ते पुरेसं असतं, फक्त ते आपण कधी नीट पाहिलेलं नसतं. प्रार्थना समाज ३१ मार्च १८६७ला मुंबईत निघाला, डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने. (रानडे आणि भांडारकर नंतर आले. 'संस्थापक रानडे' असं लिहिणारे अजून सापडतात, मीही त्यातलाच.) एकेश्वरी उपासना, प्रार्थनेत तुकारामादी संतांचा आधार, मूर्तिपूजेला नकार, 'सुबोध पत्रिका'. केशवचंद्र सेन मुंबईत येऊन गेले होते, ब्राह्मो समाजाचा नमुना समोर होता. दुसऱ्या बाजूला पुण्यात सुरू झालेला सत्यशोधक समाज: एक निर्मिक, त्याची सगळी माणसं लेकरं, आणि त्याच्यापर्यंत पोचायला मध्ये भटजीची गरज नाही. १८७७पासून कृष्णराव भालेकरांचं 'दीनबंधु'. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भटाविना लावलेली लग्नं.

इथे मला धागा सापडला. दोन्ही समाज एक देव मानतात. मग भांडण कुठे आहे? देवघरात नाही, बोहल्यावर आहे. लग्नात मंत्र कोण म्हणणार, दक्षिणा कोण घेणार, या एका प्रश्नावर दोघांना उभं करा, तुलना आपोआप दिसायला लागते.

माझ्या क्लासमधले एक सर तक्त्याचे मोठे भक्त होते. 'मुद्दा, प्रार्थना समाज, सत्यशोधक समाज', तीन रकाने, आठ ओळी. संस्थापक, साल, ठिकाण, मुखपत्र. सर मनाने चांगले होते, पण त्या तक्त्याने माझं एक वर्ष खाल्लं असं मला आजही वाटतं. तक्ता फरक दाखवतो, फरकाचं कारण विचारत नाही. संस्थापक वेगळे, साल वेगळं, मुखपत्र वेगळं, यात आश्चर्य काय? यशस्वी उमेदवारांच्या उत्तरपत्रिका उतरवून काढणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

तर आधी मुख्य विधान. मी ते कच्च्या कामाच्या पानावर लिहितो आणि त्यावर दीड मिनिट खुशाल घालवतो. माझं पहिलं विधान होतं: "दोन्ही समाजांनी महाराष्ट्राच्या प्रबोधनात मोलाची भर घातली, मात्र त्यांच्या कार्यपद्धतीत फरक होता." हे वाक्य कोणत्याही दोन संस्थांना चिकटवता येतं, म्हणजे ते विधानच नाही. विधान असं हवं की कुणी त्यावर वाद घालू शकेल. आता मी असं लिहितो:

"दोन्ही समाजांनी एकेश्वरवाद स्वीकारला, पण प्रार्थना समाजाने पुरोहिताच्या हातचा धर्म शुद्ध करू पाहिला, तर सत्यशोधक समाजाने पुरोहिताची मध्यस्थी हेच गुलामगिरीचं साधन मानून ती तोडली."

हे लिहिलं की पुढच्या परिच्छेदांत काय येणार हे ठरून जातं. साम्य थोडक्यात, पन्नासेक शब्दांत: एक देव, मूर्तिपूजेला विरोध, जन्मावरून उच्चनीच मानण्याला आक्षेप. इथे एक पुरावा मला फार आवडतो. १८७५ला पुण्यात दयानंद सरस्वतींची मिरवणूक निघाली तेव्हा सनातन्यांचा विरोध झाला, आणि त्या मिरवणुकीत रानडे आणि फुले दोघेही होते. हा व्यक्तींचा पुरावा आहे हे मला कळतं. पण तो कोणाच्या 'कार्याच्या यादीत' येत नाही, दोन्ही गटांचा विरोधक एकच होता एवढंच तो दाखवतो. चाळणीला अपवाद करायचा तर कशासाठी करतो आहोत हे आपल्याला माहीत हवं.

फरकाला शंभर-एकशेदहा शब्द द्या, आणि दोन्ही समाज एकाच परिच्छेदात आणा. एक परिच्छेद याचा, एक त्याचा, असं केलंत की पुन्हा दोन टिपा झाल्या. माझा परिच्छेद साधारण असा असतो:

"प्रार्थना समाजाने साप्ताहिक उपासना नवी केली, पण सभासदाला घरातले संस्कार किंवा जात सोडण्याची सक्ती केली नाही. रानड्यांचा १८७३मधला दुसरा विवाह वडिलांच्या आग्रहाने अकरा वर्षांच्या मुलीशी झाला. टीका झाली, तरी त्यांचं समाजातलं स्थान टिकलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह भटजीविना झाला. इथे संस्कार हाच सुधारणेचा मुद्दा होता, म्हणून विरोधही तिथेच झाला: ओतूरला ग्रामजोशांनी आपल्या हक्काच्या दक्षिणेसाठी कोर्टात दावा लावला."

रानड्यांचं लग्न इथे चालतं, कारण ते संस्थेचा नियम किती सैल होता हे सांगतं. तेच उदाहरण 'रानडे ढोंगी होते' हे दाखवायला वापरलंत तर गुण जातील, आणि जायलाच हवेत.

मग 'का' हा प्रश्न येतो. प्रार्थना समाजवाले भित्रे होते, असं लिहून मोकळं व्हायचा मोह मला अनेकदा झाला. पण त्यांच्या मागे परमहंस सभेचा अनुभव होता. १८४९च्या सुमाराची ती गुप्त सभा. तिथे सभासद जातिबंधनं मोडून एकत्र खात. नावं बाहेर फुटली आणि सभा मोडली. त्यातल्या काहींनी पुढे प्रार्थना समाज काढला तो उघड, पण सावधपणे. याउलट सत्यशोधकांचा पाया शेतकरी, कारागीर जातींत होता. लग्नाची दक्षिणा त्यांच्याच खिशातून जात होती, तेव्हा थांबायचं कशासाठी? हे कारण दोन वाक्यांत आलं की उत्तराचा दर्जा बदलतो. माझे गुण चारवरून साडेसातवर गेले ते मुख्यतः याच दोन वाक्यांनी.

आता निष्कर्ष. 'समतोल' शब्दाने मला बरंच फसवलं. समतोल म्हणजे दोघांनाही सारखेच हार घालणं, अशी माझी समजूत होती. पण समतोल साधायचा तो आपल्याच विधानाची मर्यादा मान्य करून. माझं विधान सत्यशोधकाकडे झुकतं, मग त्याच्या विरुद्ध जाणारं काय आहे? एक म्हणजे, पुरोहित गेला तरी लग्न, वास्तू असे विधी राहिलेच, फक्त त्यांची रीत बदलली. म्हणजे सत्यशोधकही संस्कारांपासून पूर्ण तुटले नाहीत. दुसरं, प्रार्थना समाज शहरी सुशिक्षितांपुरता राहिला असं म्हणताना त्याच्या कामगारांसाठीच्या रात्रशाळा आणि पंढरपूरचं अनाथाश्रम विसरून चालत नाही. विठ्ठल रामजी शिंद्यांचं नाव इथे हमखास पेनच्या टोकावर येतं. थांबवा त्याला. त्यांचं अस्पृश्योद्धाराचं मिशन १९०६चं आहे आणि प्रश्नात एकोणिसावं शतक आहे. शाहू महाराजांचंही तेच.

परवा वेळ लावून लिहिलेल्या उत्तरात माझा शेवट असा उतरला: "म्हणून दोन्ही समाजांतलं अंतर देवाच्या कल्पनेत कमी आणि धर्मावर हक्क कुणाचा या प्रश्नात जास्त दिसतं. प्रार्थना समाजाची मवाळ वाट सुशिक्षितांना पटली, पण त्यांच्या घरातल्या विधींपर्यंत क्वचित पोचली. सत्यशोधकांची वाट तिथवर पोचली, मात्र विधींची गरज तिनेही नाकारली नाही." आधी 'कधीच पोचली नाही' असं लिहिलं होतं. 'कधीच' खोडून 'क्वचित' केलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. घड्याळात अकरा मिनिटं वीस सेकंद झाली होती.