पित्ताशयाची भिंत, पित्ताची वाट आणि कॅलॉटचा त्रिकोण

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी हिस्टॉलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये मी पित्ताशयाची स्लाइड लहान आतड्याची म्हणून लिहून आले. उंच उंच घड्या दिसल्या, त्यांना व्हिलाय समजले आणि पुढे बघितलंच नाही. मार्क गेले, विषय संपला असं वाटलं. पुढे सर्जरीच्या रेसिडेन्सीत तीच भिंत पोटात, दुर्बिणीच्या प्रकाशात बघायची वेळ आली, तेव्हा कळलं की स्लाइड, पित्ताची वाट आणि कॅलॉटचा त्रिकोण वेगवेगळ्या वर्षांत शिकवले जात असले तरी ते एकत्रच समजून घ्यायला हवेत. नव्याने सर्जरीत येणाऱ्यांसाठी मला ते कसं उलगडलं ते लिहिते.

आधी स्लाइड. पित्ताशयाच्या घड्या एकमेकींना जोडलेल्या असतात, जाळीसारख्या. त्यांच्यावर उंच स्तंभाकार पेशींचा एकच थर असतो आणि त्यात गॉब्लेट पेशी नसतात. ही पहिली खूण. दुसरी त्याहून महत्त्वाची: इथे मस्क्युलॅरिस म्युकोझी नाही आणि सबम्युकोझाही नाही. आतलं अस्तर, त्याखाली सैल लॅमिना प्रोप्रिया आणि लगेच स्नायूंचा विस्कळीत थर. त्याच्या बाहेर पेरिमस्क्युलर संयोजी ऊती. पोटाच्या पोकळीकडच्या बाजूला त्यावर सेरोझाचं आवरण असतं; यकृताला चिकटलेल्या बाजूला ते नसतंच.

त्या उंच पेशींचं काम समजलं की पित्ताची वाट सोपी होते. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं आणि पित्ताशयात मावतं 30 ते 50 मिली. म्हणून हे अस्तर पाणी आणि क्षार शोषून पित्त दाट करतं. यकृतपेशींच्या मधल्या बारीक कॅनालिक्युलायमधून निघालेलं पित्त उजव्या-डाव्या हेपॅटिक डक्टमध्ये, तिथून कॉमन हेपॅटिक डक्टमध्ये येतं. ओडीचा स्फिंक्टर बंद असेल तर ते सिस्टिक डक्टमधून मागे फिरून पित्ताशयात जातं. जेवल्यावर पित्ताशय आकुंचन पावतं आणि पित्त त्याच सिस्टिक डक्टमधून परत येतं. म्हणजे सिस्टिक डक्ट ही येण्याजाण्याची एकच गल्ली आहे. ती मिळाली की पुढची नळी कॉमन बाइल डक्ट: ड्युओडेनमच्या पहिल्या भागामागून उतरते, स्वादुपिंडाच्या डोक्यापाशी जाते आणि ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागात उघडते. ‘ड्युओडेनमच्या मागे जाते’ हे शब्द लक्षात ठेवा, खाली उपयोगी पडतील.

आता त्रिकोण. कॅलॉटने 1891 साली सांगितलेल्या त्रिकोणाची वरची बाजू सिस्टिक आर्टरी होती. आज शस्त्रक्रियेत आपण ज्यात काम करतो त्याची वरची बाजू यकृताची खालची कड. उरलेल्या दोन बाजू सिस्टिक डक्ट आणि कॉमन हेपॅटिक डक्ट. सिस्टिक आर्टरी या मोठ्या त्रिकोणाच्या आत येते. व्हायव्हात दोन्ही व्याख्या विचारतात, पण थिएटरमध्ये दुसरीच कामाची.

सेकंड इयरला असताना एक पेशंट होत्या, चाळिशीतल्या. उजव्या कुशीत दुखणं आणि ताप, तिसरा दिवस. सोनोग्राफीत भिंत 6 मिमी (नेहमी 3 मिमीपर्यंत असते), मानेत अडकलेला खडा आणि पित्ताशयाभोवती पाणी. दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं. फंडस उजव्या खांद्याच्या दिशेने वर ओढून धरला होता आणि हार्टमनचा पाउच मी धरला होता. सुजलेला पाउच निसटत होता म्हणून मीही तो वरच्या दिशेनेच ओढत राहिले. थोड्या वेळाने चरबीतून एक सरळ, ठसठशीत नळी दिसायला लागली. मला वाटलं, सिस्टिक डक्ट मिळाली.

सर थांबले. "ती कुठे जातेय, दाखव." मी कॅमेरा खाली न्यायला सांगितलं. नळी ड्युओडेनमच्या मागे जात होती. ती कॉमन बाइल डक्ट होती.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण पित्तनलिकेच्या सर्वांत वाईट दुखापती इथेच होतात. पाउच वर ओढला की सिस्टिक डक्ट आणि कॉमन बाइल डक्ट एका रेषेत येतात. दोघींमधला कोन मिटतो, म्हणजे त्रिकोणच मिटतो, आणि कॉमन बाइल डक्ट पित्ताशयातूनच निघाल्यासारखी दिसते. सूज असली की हा भास आणखी पक्का होतो. पाउच पेशंटच्या उजवीकडे आणि थोडा खाली ओढला की कोन उघडतो. ‘सिस्टिक’ नळी फारच रुंद दिसत असेल, नेहमीच्या क्लिपमध्ये मावत नसेल, तर हात थांबवा.

सरांनी मला ओढण्याची दिशा बदलायला लावली. मग यकृताच्या खालच्या बाजूची रुव्हिएरची खाच शोधली. ती बहुतेकांमध्ये दिसते. तिथून यकृताच्या चौथ्या सेगमेंटच्या तळापर्यंत मनात रेघ ओढायची आणि सगळं काम त्या रेघेच्या वर ठेवायचं. आधी मागच्या बाजूचं पेरिटोनियम उघडलं, मग पुढचं. पाउच एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवत चरबी बारीक बारीक सोडवली. सिस्टिक आर्टरीजवळची लिंफ नोड दिसली आणि तिच्या आधाराने आर्टरी सापडली.

तरी क्लिप लावली नाही. स्ट्रासबर्ग यांनी 1995 मध्ये मांडलेल्या क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टीच्या तीन अटी पूर्ण व्हायच्या होत्या: त्रिकोण चरबी आणि तंतूंपासून मोकळा, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटलेला, आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी. कॉमन बाइल डक्ट उघडी करून दाखवायची गरज नाही. सर सुरुवातीलाच म्हणाले होते, हा व्ह्यू मिळाला नाही तर वरून पित्ताशय उघडू, खडा काढू आणि सबटोटल करून थांबू. त्या दिवशी व्ह्यू मिळाला, पुढून आणि मागून फोटो घेतले, मगच क्लिप लावल्या.

पित्ताशय यकृतापासून सोडवताना स्लाइड पुन्हा आठवली. त्या बाजूला सेरोझा नाही, म्हणून आपण पेरिमस्क्युलर ऊतींतूनच वाट काढतो. आत गेलो तर स्नायूचा थर फाटून पित्त सांडतं. बाहेर गेलो तर यकृतातून रक्त येतं आणि तिथल्या लुश्काच्या बारीक नलिका कापल्या जाऊन नंतर पित्त गळू शकतं. याच कारणाने, पित्ताशयाचा कर्करोग लॅमिना प्रोप्रियापर्यंतच असेल तर साधं कोलेसिस्टेक्टॉमी पुरतं. पण तो पेरिमस्क्युलर ऊतींत पोचला असेल, तर आपण ज्या थरातून कापलं त्याच थरात तो उरलेला असू शकतो आणि पुन्हा मोठी शस्त्रक्रिया लागते. म्हणून काढलेलं पित्ताशय थिएटरमध्येच उघडून बघा, आणि हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट स्वतः वाचा.

त्या पेशंटचा रिपोर्ट घ्यायला गेले तेव्हा पॅथॉलॉजीच्या मॅडमनी स्लाइड दाखवली. स्नायूंचा थर जाड झाला होता आणि आतलं अस्तर खोल खिशांसारखं त्यातून आरपार बाहेर शिरलं होतं, रोकिटान्स्की-आशॉफ सायनस. त्याला अडवायला मस्क्युलॅरिस म्युकोझी नव्हतीच. पित्ताशय ओळखायला यावेळी मला एक मिनिटही लागलं नाही.