‘बाजार पडला की घेऊ’ : या हिशेबातली चूक

‘निफ्टी फार चढलाय, वीस-पंचवीस टक्के पडू दे, मग पैसे टाकतो.’ हे बोलणारा माणूस मूर्ख नसतो. बाजार अधूनमधून पडतो हे त्याचं म्हणणं खरंच आहे. चूक होते ती पडझड कुठून मोजायची यात. पडझड शिखरापासून मोजतात. तुम्ही थांबलात तेव्हाच्या भावाशी तिचा संबंध नसतो. १०० वर थांबलात, बाजार १६० वर गेला आणि तिथून ३० टक्के कोसळला, तरी भाव ११२ च असतो.

२४ नोव्हेंबर २०२० ला निफ्टी पहिल्यांदा १३,००० च्या वर, १३,०५५ ला बंद झाला. कोविड चालू, धंदे अडचणीत आणि बाजार उच्चांकावर. ‘आता कोसळणारच’ म्हणून अनेकांनी हात आखडता घेतला. पुढची मोठी घसरण आली ती ऑक्टोबर २०२१ च्या शिखरापासून, सुमारे १७ टक्क्यांची. जून २०२२ मधला तिचा तळ होता १५,२९३. नोव्हेंबरात टाकलेला १ लाख त्या तळालाही १ लाख १७ हजार होता. मुदत ठेवीत ठेवून वाट पाहणाऱ्याकडे व्याजासह साधारण १ लाख ८ हजार. पुढे सप्टेंबर २०२४ च्या शिखरावरून निफ्टी जवळपास १६ टक्के घसरला आणि मार्च २०२५ मध्ये २२,०८३ वर आला. म्हणजे पहिल्याचे १ लाख ६९ हजार. दुसऱ्याला दरवर्षी ६ टक्के व्याज धरलं तरी १ लाख २८ हजार. लाभांश यात धरलेलाच नाही.

वाट पाहणाऱ्याच्या बाजूनेही एक उदाहरण आहे, ते लपवायला नको. १६ मे २०१४ ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, निफ्टी ७,२०३ होता. २३ मार्च २०२० ला ७,६१०. या काळात ७ टक्क्यांच्या ठेवीत १ लाखाचे १ लाख ४८ हजार झाले असते आणि त्या पैशात तळाला निफ्टी घेता आला असता. इथे थांबणारा जिंकतो. पण त्यासाठी त्याने जवळपास सहा वर्षं, निफ्टी १२,३०० पार जाताना पाहत, गप्प बसायला हवं होतं. आणि खरेदी करायची होती ती नेमकी त्या सोमवारी, जेव्हा सर्किट लागून व्यवहार ४५ मिनिटं थांबले आणि निर्देशांक एका दिवसात १३ टक्के पडला. त्या दिवशी ‘अजून पडेल’ असंच वाटत होतं. पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निफ्टीने जुना उच्चांक मागे टाकला होता.

तुम्हीही थांबला असाल तर थांबलात त्या दिवसाचा निफ्टी शोधून कागदावर लिहा, शेजारी त्यानंतरचा सर्वात खालचा बंद भाव लिहा. खालचा भाव मोठा निघाला, तर तुमची पडझड येऊनही गेली. एकरकमी टाकायची भीती वाटत असेल तर रकमेचे बारा समान भाग करून दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला एक भाग टाका, त्या दिवशी भाव न बघता. तीन-चार वर्षांत लागणारे पैसे मात्र यात धरू नका.